थांबलेली लोकल आणि u = 0

नववीच्या ‘गतीचे नियम’ या पाठाच्या इंग्रजी नोट्समध्ये एक उदाहरण हमखास भेटते. गाडी विरामावस्थेतून निघते, एकसमान त्वरणाने धावते आणि ठरावीक सेकंदांत ठरावीक वेग गाठते. तिचे त्वरण काढायचे असते आणि तेवढ्या वेळात ती किती अंतर गेली तेही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या मुलाला यात नवे असे काहीच नाही. लोकल थांबते, हलते, वेग घेते, हे तो रोज बघतो. तरी उदाहरण सोडवताना तो पहिल्याच ओळीत अडतो, आणि तिथे त्याला अडवणारी गोष्ट भौतिकशास्त्र नसते.

या भागात सेमी-इंग्रजी शाळा बऱ्याच आहेत. म्हणजे इतिहास-भूगोल मराठीत, गणित आणि विज्ञान इंग्रजीत. वर्गात समजावणे दोन्ही भाषा मिसळून चालते, पण हातात पडणाऱ्या नोट्स पूर्ण इंग्रजी असतात आणि घरी त्या वाचून दाखवणारे कुणी नसते. मग शाळेतल्या बाई, क्लासचे सर किंवा कॉलेजात जाणारी ताई त्या नोट्स मराठीत उतरवून देते. उतरवताना सूत्रे, एकके आणि चिन्हे जशीच्या तशी ठेवायची हे सगळ्यांना ठाऊक असते. ती खरोखर जशीच्या तशी राहतात का, हे मात्र फार थोडे जण तपासतात.

मराठीत लिहिले म्हणजे सोपे झाले, ही समजूत आधी बाजूला ठेवावी लागते. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात वि. गो. कुळकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या आसपास हा प्रश्न हाती घेतला, तेव्हा त्यांच्यासमोर महापालिकेच्या शाळांतली मराठी माध्यमाचीच मुले होती. पुस्तक मराठीत होते, मुलांची भाषा मराठी होती, आणि तरीही पुस्तकाची भाषा हाच मोठा अडसर ठरत होता. ‘विभवांतराशी समानुपाती’ हे मराठीच आहे, पण ते पहिल्यांदा वाचणाऱ्या मुलाला त्याचा इंग्रजी जुळा भाऊ जेवढा परका वाटतो तेवढेच हेही वाटते. तेव्हा काम दोन पायऱ्यांचे आहे. भाषा बदलायची आणि वाक्यही बदलायचे. या दोन्ही पायऱ्या चढताना काही गोष्टींना हात लावायचा नाही.

त्या गोष्टी कोणत्या, हे लिहायला बसण्याआधीच ठरवलेले बरे. इंग्रजी नोट्सची झेरॉक्स घ्यावी आणि लाल पेनने प्रत्येक चिन्ह, प्रत्येक एकक, प्रत्येक आकडा आणि प्रत्येक बरोबरचे चिन्ह याला गोल करावा. एवढे सगळे करतात. मग हिरव्या पेनने अटी सांगणारे शब्द अधोरेखित करावेत: एकसमान, कायम, सरळ रेषेत, फक्त, विरामावस्थेतून. हे मात्र सहसा कुणी करत नाही, आणि नोट्स बिघडतात त्या बहुधा इथेच. लाल खुणांतली गोष्ट चुकली तर उत्तर चुकते. हिरव्या खुणांतली चुकली तर उत्तर बरोबर येऊनही मुलाला ते सूत्र का वापरले हे कळत नाही, आणि पुढच्या उदाहरणात तो तेच सूत्र जिथे लागू नाही तिथे लावतो.

हे प्रत्यक्ष पाहू. इंग्रजी उदाहरण आपल्या रुळांवर आणले तर असे होईल:

‘अंबरनाथ स्टेशनात एक लोकल थांबलेली आहे. ती बदलापूरच्या दिशेने सरळ रुळावर निघते. तिचा वेग सारख्या प्रमाणात वाढत जातो आणि 30 s मध्ये 54 km/h होतो. लोकलचे त्वरण किती? या 30 s मध्ये ती किती अंतर गेली?’

मूळ इंग्रजीत हे एकच लांब वाक्य असते. इंग्रजीत कर्ता पुढे, क्रियापद लगेच आणि अटी मागून जोडलेल्या, अशी रचना चालते. तीच रचना मराठीत आणली की ‘विरामावस्थेतून एकसमान त्वरणाने निघून 30 s मध्ये 54 km/h वेग प्राप्त करणाऱ्या लोकलचे त्वरण काढा’ असे काहीतरी होते. वाचणारा क्रियापदापर्यंत पोहोचेस्तोवर सुरुवात विसरलेला असतो. त्यापेक्षा गोष्ट घडते त्या क्रमाने छोटी वाक्ये लिहावीत. आधी काय होते, मग काय झाले, शेवटी काय विचारले.

वाक्ये तोडली, पण अटी शिल्लक ठेवल्या, हे पाहण्यासारखे आहे. ‘थांबलेली आहे’ हा शब्दप्रयोग ‘विरामावस्था’ची जागा घेतो आणि u = 0 सांगतो. उदाहरणात u ची किंमत कुठेही आकड्यात दिलेली नसते, ती फक्त या शब्दात असते. कुणी हौसेने ‘अंबरनाथहून एक लोकल बदलापूरला निघाली’ असे लिहिले, तर वाक्य सुरेख झाले आणि u हरवला. ‘सारख्या प्रमाणात वाढत जातो’ हे एकसमान त्वरण आहे. त्याऐवजी नुसते ‘वेग वाढत जातो’ लिहिले तर v = u + at आणि s = ut + ½at² ही सूत्रे वापरण्याचा हक्कच राहत नाही, कारण ती त्वरण स्थिर असतानाच खरी असतात. मोटरमनने आधी हळू आणि मग जोरात वेग वाढवला असता तर पहिल्या सूत्रातून फक्त सरासरी त्वरण मिळाले असते आणि दुसऱ्यातून येणारे अंतर चुकले असते. ‘सरळ रुळावर’ हा शब्दही शोभेचा नाही. वळणावर दिशा बदलते, म्हणजे वेगही बदलतो, मग चाल तीच असली तरी.

चाल आणि वेग हा फरक इथे लगेच लागतो. बोलताना आपण दोन्हीला वेगच म्हणतो, कधी स्पीड म्हणतो. पाठात मात्र चालीला दिशा नसते आणि वेगाला असते. सोपे करण्याच्या नादात एकाच परिच्छेदात कधी चाल, कधी वेग, कधी गती असे शब्द आलटून पालटून लिहिले तर निबंधाचे मार्क मिळतील, विज्ञानाचे नाहीत. ललित लेखनात पुनरुक्ती टाळतात. नोट्समध्ये पुनरुक्तीच हवी. एकदा त्वरण म्हटले की शेवटपर्यंत त्वरण.

हा शब्द कुठून घ्यायचा याचे उत्तर सोपे आहे. बालभारतीच्या संकेतस्थळावर एकाच इयत्तेचे विज्ञानाचे पुस्तक मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांत मोफत मिळते. पाठांचा क्रम तोच असतो, आकृत्या त्याच असतात. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवली की इंग्रजी शब्दाला कोणता मराठी शब्द परीक्षेत चालतो ते लगेच दिसते. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश चांगले आहेत, पण शाळेच्या नोट्सपुरते पाठ्यपुस्तक हेच प्रमाण मानावे, कारण पेपर तपासणाऱ्याच्या हातात तेच असते. वाक्य आपले, शब्द पुस्तकाचा. सेमीच्या मुलाला उत्तर इंग्रजीत लिहायचे असते, त्यामुळे शब्द पहिल्यांदा येईल तिथे ‘त्वरण, म्हणजे अ‍ॅक्सिलरेशन’ असे एकदा सांगून टाकावे आणि पुढे मराठीत चालू ठेवावे.

आता गणित. दिलेली माहिती आधी एकाखाली एक मांडायची:

u = 0 m/s (लोकल थांबलेली होती)
v = 54 km/h
t = 30 s

वेग km/h मध्ये आणि वेळ s मध्ये, म्हणून आधी वेग m/s मध्ये आणायचा:

v = 54 × 1000 m / 3600 s = 15 m/s

नोट्समध्ये हेच एकक कुठे kmph, कुठे km/hr, कुठे km/h असे दिसते. त्यातले km/h ठेवावे. kmph मधली भागाकाराची रेघ p च्या पोटात लपून बसते, आणि km च्या जागी 1000 m, h च्या जागी 3600 s ठेवायचे हे मुलाला दिसत नाही. 5 ने गुणा आणि 18 ने भागा एवढे पाठ होते आणि ऐन वेळी उलटे आठवते.

पुढे:

a = (v − u) / t = (15 − 0) / 30 = 0.5 m/s²

s = ut + ½at² = 0 + ½ × 0.5 × 30 × 30 = 225 m

या दोन ओळींखाली मराठीचे काम सुरू होते. सूत्राला हात लावायचा नाही याचा अर्थ सूत्र मुके सोडायचे असा नव्हे. 0.5 m/s² म्हणजे ‘मीटर प्रति सेकंद वर्ग’ असे वाचून दाखवले तरी सेकंदाचा वर्ग म्हणजे काय हा प्रश्न मुलाच्या डोळ्यांत तसाच असतो. तिथे एक वाक्य लिहावे: दर सेकंदाला लोकलचा वेग 0.5 m/s ने वाढतो. एका सेकंदानंतर 0.5 m/s, दोन सेकंदांनंतर 1 m/s, तीस सेकंदांनंतर 15 m/s. एकक तेच राहिले आणि समजलेही. उत्तर पडताळायलाही मराठी वाक्य हवे. 225 m म्हणजे बारा डब्यांच्या लोकलच्या लांबीपेक्षा थोडे कमी. अर्ध्या मिनिटात गाडी साधारण आपल्याच लांबीइतकी पुढे गेली. स्टेशनातून निघणाऱ्या गाडीला हे शोभते.

भागाकार सांगताना मराठीत एक खड्डा आहे. ‘15 आणि 30 चा भागाकार करा’ यातून कोण कुणाला भागते ते कळत नाही, आणि मोठ्याला लहानाने भागायची सवय असलेला मुलगा 2 उत्तर काढून मोकळा होतो. ‘15 ला 30 ने भागा’ असे लिहिले की ला आणि ने हे दोन प्रत्यय सगळा गोंधळ मिटवतात. इंग्रजी नोट्समधले ‘वेळेच्या सापेक्ष वेगातील बदलाचा दर’ हेही असेच सोडवता येते: वेगात जेवढा बदल झाला त्याला लागलेल्या वेळाने भागले की त्वरण मिळते.

प्रत्यय दुसरीकडे त्रासही देतात. मराठीत विभक्ती शब्दाला चिकटते, आणि शब्दाच्या जागी चिन्ह आले की ती चिन्हाला चिकटते. 30 sमध्ये, 225 mवर, 5 Nचे, kgला. वाचणाऱ्याला m आणि वर यांच्यातली सीमा दिसत नाही, आणि हाताने लिहिलेल्या नोट्समध्ये तर s आणि मध्ये यांचा एकच गुंता होतो. एककाचे चिन्ह हे संक्षेप नव्हे. त्याला अनेकवचन नाही, त्याच्यापुढे टिंब नाही, त्याला प्रत्ययही लागत नाही. त्यावर मराठी उपाय असा की चिन्हानंतर एक नाम ठेवायचे आणि प्रत्ययाचा भार त्याच्यावर टाकायचा: 225 m अंतरावर, 5 N इतक्या बलाने, 30 s वेळात. चिन्हाबाबतही तेच. ‘m ला a ने गुणा’ याऐवजी ‘वस्तुमान m आणि त्वरण a यांचा गुणाकार करा’. दोन शब्द वाढतात, पण कोणते अक्षर कशाचे हे दर वेळी पुन्हा सांगितले जाते, आणि मराठीतून शिकणाऱ्याला त्याची गरज जास्त असते. इंग्रजीत शिकणाऱ्याला F, m, t, v ही अक्षरे शब्दाच्या पहिल्या अक्षरावरून आपोआप आठवतात. बल, वस्तुमान, वेळ, वेग यांवरून ती आठवत नाहीत. अर्थात विद्युतधारेचा I इंग्रजीतल्यालाही फुकट मिळत नाही, तो फ्रेंचमधून आलेला आहे, आणि सोडियमचा Na लॅटिनमधून. त्यामुळे पाठाच्या सुरुवातीला चिन्ह, नाव आणि एकक यांची छोटी चौकट द्यावी आणि पुढे जावे.

चौकटीत एक अडचण उभी राहते. s हे विस्थापनाचे चिन्ह आणि s हेच सेकंदाचेही. m म्हणजे वस्तुमान आणि m म्हणजे मीटरही. छापील पुस्तकात राशीचे चिन्ह तिरक्या अक्षरात आणि एकक सरळ अक्षरात असते, हाच त्यांच्यातला फरक. वहीत तिरके आणि सरळ कोण बघतो? म्हणून मुलांना जागेवरून ओळखायला शिकवावे. आकड्याच्या लगेच उजवीकडे, एक जागा सोडून, एकक येते. बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे राशी येते. s = 225 m मधला s विस्थापन, t = 30 s मधला s सेकंद. ही शिस्त लिहिणाऱ्याने पाळली तरच वाचणाऱ्याला उपयोगी पडते.

वजनाचे प्रकरण तर घराघरातले आहे. वरच्याच लोकलमध्ये दारात उभ्या असलेल्या माणसाचे उदाहरण नोट्समध्ये पुढे येते: m = 60 kg, त्वरण 0.5 m/s², तर त्याच्यावर पुढच्या दिशेने किती बल लागते? F = ma = 60 × 0.5 = 30 N. सोपे लिहिणारा इथे हमखास ‘माणसाचे वजन 60 kg’ असे लिहितो, कारण दुकानात आणि दवाखान्यात आपण तसेच म्हणतो. पाठात वजन म्हणजे पृथ्वी ज्या बलाने खेचते ते बल, आणि ते न्यूटनमध्ये मोजतात. या माणसाचे वजन 60 × 9.8 = 588 N. एकक पाहिले की चूक पकडता येते: वजन लिहिले आणि पुढे kg आला, तर दोघांपैकी एक खोटे बोलतो आहे. नोट्समध्ये सरळ सांगून टाकावे की वाण्याकडचे वजन म्हणजे पाठातले वस्तुमान.

उल्हासनगरमध्ये आणखी एक वाट आहे जिथून चूक शिरते. १९४९ मध्ये फाळणीनंतरच्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीतून उभ्या राहिलेल्या या शहरात हिंदी माध्यमाचीही मुले आहेत, आणि क्लासमध्ये हिंदी नोट्स सहज मिळतात. हिंदीतून मराठी करणे इंग्रजीपेक्षा हलके वाटते, लिपीही तीच. पण हिंदीत परमाणु म्हणजे ज्याला मराठीत अणू म्हणतात तो, आणि हिंदीतला अणु म्हणजे मराठीतला रेणू. नुसता उकार दीर्घ करून ‘ऑक्सिजनचा अणू O₂’ लिहिले की मराठी पाठात ते चूक झाले. इथे चिन्ह शाबूत असेल तर तेच वाचवते: O हा एकटा, म्हणजे अणू, O₂ मध्ये दोन जोडलेले, म्हणजे रेणू. खालचा 2 गळला असता तर चूक पकडायला काही उरले नसते. द्रव्यमान म्हणजे वस्तुमान, प्रतिरोध म्हणजे रोध, हे हिंदी-मराठी फरक निदान अर्थ उलटा करत नाहीत.

गळण्याची गोष्ट निघाली म्हणून टायपिंगकडे वळतो. हाताने लिहिलेल्या नोट्समध्ये चुका माणूस करतो. टाइप केलेल्यांत माणूस बरोबर असूनही चुका होतात. अनेक झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानांत अजून जुन्या पद्धतीचे मराठी फाँट वापरात आहेत. कृतिदेवसारख्या फाँटमध्ये संगणकाच्या आत इंग्रजी अक्षरच असते, फक्त पडद्यावर त्याचे रूप देवनागरी दिसते. k च्या जागी काना, g च्या जागी ह. त्यामुळे अख्खा परिच्छेद निवडून त्याला कृतिदेव फाँट लावला की मधला kg नाहीसा होऊन ‘ाह’ असे काहीतरी उमटते, v चा अ होतो आणि u चा न. ही चूक निदान डोळ्यांना खुपते. न खुपणारी चूक ओहमच्या चिन्हाची. जुन्या फायलींत Ω हे बरेचदा Symbol नावाच्या फाँटमधले W असते. फाँट बदलला की Ω जाऊन W उरतो, आणि W हे वॉटचे चिन्ह आहे. ‘रोध 5 W’ वाचताना कुणाला काहीच विचित्र वाटत नाही. याच फाँटमध्ये μ हे m वर बसलेले असते, म्हणून मायक्रोचा मिली होतो, आणि हजारपट फरक एका अक्षरात पडतो. युनिकोडमध्ये टाइप केले की Ω आणि μ यांना स्वतःची जागा असते आणि हा प्रकार थांबतो.

युनिकोड असूनही एक धोका उरतो, तो एका ओळीत बसवण्याचा. वहीत किंवा पुस्तकात v − u वर आणि t खाली असतो, मध्ये आडवी रेघ. मोबाइलवर पाठवताना ते ‘a = v - u / t’ असे होते. कंस गेला. आता नियमाप्रमाणे आधी u ला t ने भागायचे आणि मग ते v मधून वजा करायचे. आपल्या लोकलचा u शून्य असल्यामुळे a = 15 − 0 = 15 m/s² येतो. अंतर काढायला गेलो तर ½ × 15 × 900 = 6750 m, म्हणजे गाडी अर्ध्या मिनिटात बदलापूरच्या जवळ पोहोचली. म्हणून एका ओळीत लिहायचे तर कंस घालायचाच: a = (v − u) / t. घातांकांचेही तसेच. गुरुत्वस्थिरांक G = 6.67 × 10⁻¹¹ N m²/kg² साध्या मजकुरात चिकटवला की 10-11 होतो, आणि 10 वजा 11 करून उणे एक काढणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. ²,  ³, ⁻¹¹, ₂ ही वरची-खालची अक्षरे युनिकोडमध्ये आहेत, ती वापरावीत.

आकडे कोणते, हाही प्रश्न येतो. मजकुरात देवनागरी आकडे शोभतात, गणितात नकोत, आणि एका उदाहरणात दोन्ही तर मुळीच नकोत. घाईत लिहिलेला १ हा 9 सारखा दिसतो आणि ४ हा 8 सारखा. सूत्रातली अक्षरे रोमन ठेवली आहेत तर त्यांच्याबरोबरचे आकडेही त्याच घराण्यातले असू द्यावेत.

सगळे लिहून झाले की तपासणी दोन टप्प्यांत करावी. पहिल्या टप्प्यात मराठी वाचायचेच नाही. इंग्रजी झेरॉक्सवरच्या लाल खुणा एकेक करून मराठी पानावर शोधायच्या आणि खोडत जायचे. एखादी खूण उरली तर चिन्ह गळले. मराठी पानावर जास्तीचे चिन्ह सापडले तर ते कुठून आले ते विचारायचे. हिरव्या खुणांसाठीही तसेच, फक्त तिथे शब्द नव्हे तर अट शोधायची. दुसऱ्या टप्प्यात मूळ नोट्स न दाखवता मराठी पान एखाद्या मुलाला द्यायचे आणि फक्त दिलेली माहिती मांडायला सांगायची. त्याने u = 0 लिहिले तर वाक्य पोहोचले. त्याने ‘u दिलेला नाही’ असे म्हटले तर दोष उदाहरणाच्या पहिल्या ओळीत आहे, मुलात नाही.

आलेखांचे काम या पद्धतीने पूर्ण सुटत नाही. वेग–काळ आलेखाच्या अक्षांवर इंग्रजी नावे चित्रातच छापलेली असतात. ती खोडून मराठी लिहिताना एकक पुसले जाते, म्हणून खोडू नये. आकृतीखाली एक ओळ द्यावी: उभा अक्ष वेग v, m/s मध्ये. आडवा अक्ष वेळ t, s मध्ये. आणि छपाईचे एक सांगायचे राहिले. दुकानदार कागद वाचवायला दोन पाने एका पानावर छोटी करून झेरॉक्स काढतो. मजकूर वाचता येतो, पण m/s² वरचा 2 ठिपका होतो आणि CO₂ खालचा 2 नाहीसा होतो. सूत्रांची पाने पूर्ण आकारातच काढून घ्यावीत, चार रुपये जास्त गेले तरी.